मदत हवी आहे: केशनळीत पाणी कमी का चढतंय?

नमस्कार मंडळी, बारावीच्या मुलीसोबत घरी पृष्ठताणाचा प्रयोग करतोय आणि एका जागी अडकलोय.

नळीचा आतला व्यास १ मिमी, म्हणजे त्रिज्या ०.५ मिमी. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ N/m आणि स्पर्शकोन शून्य धरला, तर h = 2T cosθ / (rρg) या सूत्राने पाणी साधारण २.९ सेमी चढायला हवं. प्रत्यक्षात २.२ सेमीवरच थांबतं. सूत्र उलटं फिरवलं तर स्पर्शकोन ४१ अंशांच्या आसपास येतो. काचेला एवढा?

आधी वाटलं, धुताना साबण राहिला असेल आणि पृष्ठताणच कमी झाला असेल. पण नळी खोल बुडवून हळूच वर घेतली की त्याच पाण्यात उंची २.७ सेमी भरते! पाणी तेच, नळी तीच, मग पृष्ठताण कसा बदलेल? म्हणून संशय काचेवरच्या तेलकट थरावर आहे: कोरड्या काचेवर चढताना कोन मोठा, ओल्या काचेवरून उतरताना लहान.

हा तर्क बरोबर आहे का? आणि इतकी बारीक नळी आतून स्वच्छ कशी करायची? ॲसिड घरात नको आहे.