सहा महिन्यांतच खाते ‘संशयित’? मार्चअखेरची तरतूद अडली आहे, मदत हवी

सातपूरकर: आमच्या सातपूर शाखेतील एका मुदत कर्जाची 48 लाख रुपये येणे बाकी आहे आणि हप्ते थकल्याने 15 सप्टेंबर 2024 रोजी ते अनुत्पादक झाले. 31 मार्च 2025 रोजी बारा महिने पूर्ण होत नसल्याने आम्ही ते सबस्टँडर्ड, म्हणजे अनुत्पादक कर्जांच्या पहिल्या वर्गात, दाखवून संभाव्य तोट्यासाठी 4.80 लाखांची तरतूद केली. लेखापरीक्षक मात्र ते थेट संशयित वर्गात टाका म्हणतात आणि उद्यापर्यंत उत्तर मागतात. बारा महिन्यांनंतर संशयित करण्याचा नियम असताना हे कसे चालेल?

गंगापूररोड: 4.80 लाख म्हणजे दहा टक्के. हे प्रमाण चुकले आहे. सबस्टँडर्डला पंधरा टक्के आणि मुळातच विनातारण कर्ज असेल तर पंचवीस टक्के तरतूद लागते. मी व्यापारी बँकेत असताना वर्षानुवर्षे हेच करत आलो आहे.

निवृत्त_तपासनीस: गंगापूररोड, आपले आकडे व्यापारी बँकांसाठी बरोबर आहेत. सातपूरकर, आपली बँक नागरी सहकारी आहे काय? तसे असेल तर दहा टक्के योग्यच आहेत. पण तारण काय आहे, त्याची किंमत किती आणि त्या 48 लाखांत वसूल न झालेले व्याज आहे काय, हे आपण लिहिलेलेच नाही.

सातपूरकर: नागरी सहकारी बँकच आहे, ते गृहीत धरले होते. व्याज वेगळे काढून ठेवले आहे. 48 लाख ही निव्वळ मुद्दल आहे. तारण म्हणून दोन सीएनसी यंत्रे आहेत. मंजुरीच्या वेळी किंमत 55 लाख होती. मूल्यांकनकाराने फेब्रुवारीत पाहणी केली तेव्हा एका यंत्राचे नियंत्रण पॅनेल काढून नेलेले आणि दुसऱ्याचे स्पिंडल अडकलेले आढळले. त्याने 24 लाख रुपये लावले.

निवृत्त_तपासनीस: मग गुंता येथे आहे. बारा महिन्यांची वाट पाहणे ही सर्वसाधारण रीत झाली. तारणाची वसूल होण्याजोगी किंमत बँकेने आधी आकारलेल्या, अथवा रिझर्व्ह बँकेने मागील तपासणीत मान्य केलेल्या, किमतीच्या निम्म्याहून खाली गेली, तर मधले टप्पे न पाहता खाते संशयित करावे लागते. 24 लाख हे 55 लाखांच्या 43.6 टक्के होतात. मग तारणाबाहेरच्या 24 लाखांवर शंभर टक्के आणि तारणाने झाकलेल्या 24 लाखांवर पहिल्या वर्षाचे वीस टक्के, असे मिळून 28.80 लाख होतात. थकबाकीच्या दहा टक्क्यांइतकेही तारण उरले नसते, तर खाते सरळ बुडीत वर्गात गेले असते आणि पूर्ण 48 लाखांची तरतूद करावी लागली असती.

द्राक्षबाग_निफाड: माझे बागेचे पीककर्ज अवकाळी पावसामुळे थकले आहे. नव्वद दिवस थकले की कर्ज अनुत्पादक, हाच नियम मलाही लावतील काय?

निवृत्त_तपासनीस: नाही. द्राक्षासारख्या दीर्घ मुदतीच्या पिकाला एका हंगामाची थकबाकी पाहिली जाते. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

गंगापूररोड: एवढे जिवावर घेण्याचे कारण नाही. कर्जदाराकडून 31 मार्चपूर्वी दोन हप्ते भरून घ्या, खाते स्टँडर्ड होईल आणि 0.40 टक्क्यांवर सुटाल. आम्ही मार्चमध्ये असेच करत होतो.

निवृत्त_तपासनीस: आपण करत होता, याबद्दल शंका नाही. पण नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकाने हे स्पष्ट झाले आहे की, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याखेरीज खाते वरच्या वर्गात आणता येत नाही. शिवाय वर्गीकरण कर्जदाराचे होते, सुट्या खात्याचे नव्हे. त्याचे दुसरे खाते नियमित असले तरी तेही अनुत्पादकच धरावे लागते.

सातपूरकर: एक गोष्ट राहिली. 2023 मध्ये आम्ही याच यंत्रांचे पुन्हा मूल्यांकन केले होते आणि ते 44 लाख आले होते. 24 लाख हे त्याच्या 54.5 टक्के होतात, म्हणजे निम्म्याहून जास्तच. मग 4.80 लाख पुरतील ना?

नांदूरनाका_सीए: आमच्यासारखे लेखापरीक्षक येथे हमखास अडतात. आधी आकारलेली किंमत म्हणजे मंजुरीची की शेवटच्या मूल्यांकनाची? माझ्या मते शेवटची, कारण चालणारे यंत्र दरवर्षी झिजतेच आणि ती नेहमीची झीज म्हणजे तारणाची धूप नव्हे.

निवृत्त_तपासनीस: मला तेवढी खात्री नाही. 44 लाखांचे मूल्यांकन संचालक मंडळापुढे ठेवून ताळेबंदात वापरले असेल, तर आपले म्हणणे टिकेल. फाइलमध्ये नुसताच कागद लावला असेल तर लेखापरीक्षक 55 लाखांवर अडून राहतील. आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अहवालात या खात्याच्या तारणाचा आकडा असेल, तर आपला आणि त्यांचा दोन्ही बाजूला पडतील. तो अहवाल पाहिला काय?

सातपूरकर: तो मुख्य कार्यालयात आहे. आज मागवतो. मूल्यांकन मंडळापुढे गेले होते की नाही, हे इतिवृत्त पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.

गंगापूररोड: तरीही पंधरा टक्के केलेले बरे.