काळा कपडा खांद्यावरच का विटतो? आपले अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी घेतलेला माझा काळा सुती कुर्ता आता खांद्यांवर तांबूस, शिवणींच्या कडेने पांढरट आणि पाठीवर मात्र जवळजवळ पहिल्याइतकाच काळा आहे. रंगच कच्चा असता तर तो सगळीकडून सारखा उतरला असता. कोणते गडद रंग पुष्कळ धुण्यांनंतरही टिकले, हे सर्वांनी स्वानुभवाने लिहावे.

इचलकरंजीहून : मी प्रोसेस हाऊसमध्ये 19 वर्षे रंगाई सांभाळली. आपल्या कुर्त्यावर दोन वेगळी कारणे दिसतात. शिवणीची दुमड जाड असल्याने ती वर उचललेली राहते आणि ब्रशची किंवा मशीनची घासण आधी तिलाच बसते. तिथले तंतू फुटून बारीक लव येते आणि ती पांढरट दिसते. खांद्यांवर मात्र उन्हाचे काम आहे. सुती कापडावरचा काळा बहुधा गडद निळ्यात नारिंगी-लाल मिसळून साधलेला असतो. निळा भाग आधी उडाला की तांबूसपणा उघडा पडतो. खालच्या पट्टीची दोन बोटे शिवण उसवून आत पाहावे. आत गडद काळा असेल तर दोष ऊन आणि घासणीचा. आतही विटला असेल तर रंग पाण्यातच गेला.

नाशिकहून : नवा कपडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला की रंग पक्का होतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी पाणी काळे होते, नंतर होत नाही.

इचलकरंजीहून : निघतो तो वरवरचा, न चिकटलेला रंग, आणि तो साध्या पाण्यानेही निघतो. मीठ आम्ही रंगाच्या हौदात घालतो, रंग सुताकडे ढकलण्यासाठी. रंगलेल्या कपड्याला त्याने पुढे काही बांधले जात नाही.

कोल्हापूरहून : माझ्या मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाला लाल ओढणीचा रंग लागला आहे. तो कसा काढावा?

पुण्याहून : त्यासाठी चर्चेचा वेगळा धागा काढावा. माझी पॉलिस्टर-मिश्रित काळी पँट पाच वर्षे बरी राहिली. उलट एका सुती काळ्या शर्टाचे कापड करडे झाले आणि शिवणीचा दोरा तेवढा काळाभोर राहिला, त्यामुळे तो उभ्या-आडव्या रेघा मारल्यासारखा दिसतो.

इचलकरंजीहून : तो दोरा पॉलिस्टरचा असणार, त्याचा रंग तंतूच्या आत शिरलेला असतो. सुतीमध्ये व्हॅट रंगातले, म्हणजे सुतात शिरल्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या रंगातले, खाकी, गर्द हिरवा आणि गडद निळा हे माझ्या पाहण्यात सर्वांत टिकाऊ. जीन्सची नीळ मात्र सुताच्या बाहेरच्या थरातच राहते, म्हणून गुडघे आधी पांढरे पडतात.

मूळ लेखक : पट्टी उसवून पाहिली, आत काळाच आहे. मी कुर्ता सुलटाच, गॅलरीत हँगरवर वाळवत होतो. आता उलटा करून सावलीत वाळवीन. मात्र डाव्या काखेखालचा हिरवट डाग यात बसत नाही. तिथे ना ऊन पोहोचते, ना ब्रश.

ठाण्याहून : माझ्याही शर्टाला तसाच डाग आहे, उजव्या काखेखाली. मला घामाचा किंवा डिओडरंटचा संशय आहे, पण खात्री नाही.