तारीख पक्की द्या
"नोकरी अचानक गेली. या महिन्याचं भाडं थोडं लांबवायला घरमालकांना कसं विचारू?"

भाड्याची तारीख उलटायच्या आधीच फोन करा, मग तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. 'डिपॉझिटमधून वळतं करा' हे मात्र सुचवू नका. मालकाच्या हातात तेवढंच तारण असतं, बोलणी तिथेच फिसकटतात. मजकूर साधा ठेवा:

'काका, माझी नोकरी गेली. जूनच्या १८,००० पैकी ६,००० आज पाठवतोय. उरलेले १२,००० पंधरा जुलैला देतो. कंपनीचा हिशेब अडकला तर एफडी मोडेन, पण तारीख चुकणार नाही. चालेल का, एवढं कळवा.'

तारीख हिशेब अपेक्षित असेल त्याच्या आठवडाभर पुढची घ्या, एचआरवाले रखडवतातच. लिव्ह अँड लायसन्स करारात उशिराचा दंड लिहिला असेल, तर तो माफ करायची विनंतीही याच मेसेजमध्ये करा.