मदत हवी आहे: कथेत न लिहिलेलं कारण सारांशात घ्यायचं का?

इंदूरच्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी एका कथेचा सारांश लिहितेय, १५० शब्दांत, फक्त कथानक, आपलं मत अजिबात नको अशी अट आहे.

कथेत आजोबा जुनी सायकल भंगारवाल्याला देतात, पैसे न मोजताच खिशात टाकतात, घरात येऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसतात आणि सुनेने दिलेला चहा तसाच गार होतो. संपली कथा. मी पहिल्यांदा लिहिलं 'दुःखी आजोबा रडतात', तर वहिनी म्हणाल्या रडल्याचं कुठे लिहिलंय दाखव, आणि खरंच एका ओळीतही नाही हो! मग 'दुःखी', 'बिचारे' सगळं काढलं, माझ्या प्रत्येक वाक्याला कथेतली ओळ शोधली, तर आता नुसती किराण्याची यादी वाटतेय, सायकल आणि तोंड धुणं यांचा संबंधच लागत नाही.

मधला फ्लॅशबॅक 'त्यांना आठवतं' म्हणून जागच्या जागी ठेवलाय, त्याची अडचण नाही. कथेतली वाक्यं जशीच्या तशी उचलायची नाहीयेत.

तर 'सायकल दिल्यावर ते बराच वेळ तोंड धुतात' असा नुसता क्रम पुरेल, का 'सायकल गेल्यामुळे' लिहिलं तरी चालेल, की तोही माझाच अर्थ झाला?