मदत हवी आहे: एक डोळा लाल, आत दुखतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते

धागाकर्ती: माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा कालपासून लाल आहे. चिकटा अजिबात नाही, पाणी मात्र सतत येते. आत खोलवर ठसठस आहे आणि आज त्या डोळ्याने अक्षरे धुरकट दिसू लागली आहेत. पडदा जरा सरकवला तरी तो तोंड फिरवतो. तो कॉन्टॅक्ट लेन्स वापरत नाही, काही लागलेलेही नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले स्टेरॉईडचे थेंब घरात आहेत. ते घालून उद्यापर्यंत थांबावे, की आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे?

सायली: डोळे आले असावेत. आमच्याकडे सगळ्यांचे आले होते, आपोआप बरे झाले. टॉवेल वेगळा ठेवा. ते थेंब मात्र स्वतःहून घालू नका.

नेत्रवैद्य: थेंबांबद्दल सायलीताईंचे म्हणणे बरोबर आहे, परंतु थांबू नका, आजच न्या. डोळे येतात तेव्हा खुपते आणि चिकटा येतो, पण तो पुसला की नजर स्वच्छ होते. येथे चिकटा नसताना नजर धूसर आहे. दुखरा डोळा हाताने पूर्ण झाकून चांगल्या डोळ्यावर क्षणभर टॉर्च धरा. दोन्ही बाहुल्या एकदमच आकुंचन पावतात, म्हणून झाकलेला डोळा दुखला तर आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, सूज असण्याची शक्यता वाढते. दुखला नाही तरी जायचेच आहे. हर्पीसच्या विषाणूने बुबुळावर जखम झाली असली तरी डोळा वरून असाच दिसतो, आणि तिच्यावर नुसते स्टेरॉईड घातले तर ती पसरते. हा फरक डोळ्यात रंग घालून, स्लिट लॅम्पच्या निळ्या उजेडातच कळतो.

वसंत: माझ्या आत्याला दिव्याभोवती रंगीत वलये दिसायची, उलट्याही झाल्या आणि डोळ्यातला दाब फार वाढलेला निघाला. हे तेच का?

नेत्रवैद्य: वसंतराव, त्यात बाहुली बहुधा अर्धवट मोठी होऊन उजेडाला दाद देत नाही. तेही त्याच दिवशी दाखवायचे दुखणे आहे. दाब येथेही मोजतीलच.

धागाकर्ती: संध्याकाळीच जाऊन आलो. टॉर्चने झाकलेला डोळा खरोखरच दुखला होता. बुबुळावर जखम नाही, दाब ठीक आहे, आयरिसला सूज आहे. बाहुलीची खालची कड मागच्या भिंगाला एका ठिकाणी चिकटली आहे. स्टेरॉईडचे थेंब दर तासाला आणि बाहुली मोठी करणारे थेंब वेगळे दिले आहेत; कड सुटते का, ते उद्या पाहणार आहेत. सकाळी कंबर आखडते का, असे विचारल्यावर तो हो म्हणाला, तेव्हा रक्ततपासणीही सांगितली. कंबरेचा येथे काय संबंध?

नेत्रवैद्य: मणक्याच्या एका प्रकारच्या संधिवातात आयरिसला अशी सूज येते. तपासणीआधी त्याला तोच आजार आहे असे म्हणता येणार नाही. लाली गेली तरी थेंब एकदम बंद करू नका. डॉक्टर सांगतील तसेच हळूहळू कमी करा, नाहीतर सूज उलटते.