अनुभव धागा: किमोत आईचे केस गळू लागले तेव्हा घरातल्या लहानग्याला काय सांगितलंत?

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या नवऱ्याचा फोन आला. तिची पहिली किमो झाली आहे आणि मुलगी चार वर्षांची. "केस जातील म्हणाले डॉक्टर. पोरीला काय सांगू?" मला काही सुचलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी हे घरात केलंय त्यांनी लिहा. उपदेश नको. तुम्ही कोणते शब्द वापरलेत आणि मूल त्यावर काय म्हणालं, ते हवंय. फसलेलं असेल तर तेही सांगा.

बागाईतदार

आमची तासगाव भागात द्राक्षबाग. बायकोला स्तनाचा कॅन्सर, उपचार मिरजेला. पोरगं पाच वर्षांचं, मोठ्या गटात जातं. पहिलं लाल औषध दिलं तेव्हाच नर्सबाईंनी सांगितलं होतं, दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतील. मी म्हटलं, गळायला लागले की बघू. तिथंच चुकलं.

सोळाव्या दिवशी सकाळी न्हाणीच्या जाळीत पाणी तुंबलं. मी केस काढायला बसलो, पोरगं मागं उभं. मूठभर निघाले. ते काहीच बोललं नाही, म्हणून मला वाटलं त्याच्या लक्षात आलं नाही. दुपारी आज्जीनं झाडू मारला, तर हा झाडूत अडकलेला एकेक केस सोडवून खिशात घालत होता.

संध्याकाळी त्याला बागेत घेऊन गेलो. मागच्या वर्षी शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं होतं. वारं आमच्या बाजूला होतं आणि कडेच्या दोन ओळींची पानं आकसून पंख्यासारखी झाली होती. त्यानं ते पाहिलेलं. मी म्हटलं, "आठवतंय? औषध तणासाठी होतं, पण आपल्या वेलीलाही लागलं. आईच्या अंगात एक तण उगवलंय, त्याचं नाव कॅन्सर. त्याच्यावर औषध सोडलंय. ते केसांनाही लागतंय. वेलीला पुढच्या छाटणीनंतर नीट पानं आली की नाही? तसे केस येतील."

मला वाटलं, झकास जमलं. पोरगं मान डोलावून घरी आलं आणि जेवलं.

पाच दिवसांनी दुसऱ्या डोसला निघालो, तर हा गाडीच्या दारात आडवा पडला. "आईला न्यायचं नाही. तिथं तिला टू-फोर-डी देतात." आमच्याकडं फवारणीच्या दिवशी पोरांना बागेत पाऊल टाकू देत नाही, डबे कुलपात असतात. ते विष आहे हे मीच त्याच्या डोक्यात भरवलेलं. आज्जीनं उचलून घरात नेला. आम्ही गेलो, पण बायको मिरजेपर्यंत रडत होती.

रात्री परत आलो तेव्हा हा जागाच. ती झोपल्यावर मी त्याच्याजवळ बसलो, त्याची नखं कापायला घेतली. वाढली होतीच. म्हटलं, "ते टू-फोर-डी नाही. माझं सांगायचं चुकलं. आईचं औषध डॉक्टर मोजून देतात. आईच्या अंगात एक गाठ आहे, ती भराभर वाढती. हे औषध जे भराभर वाढतं त्याला थांबवतं. आता सांग, माणसाच्या अंगावर भराभर काय वाढतं?"

"नखं."

"अजून?"

"केस." मग थांबून, "मी."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. "मी आईजवळ झोपलो तर ते औषध मला लागंल? मी वाढायचा थांबंन?"

नाही म्हटलं. औषध आईच्या नळीतून तिच्या रक्तात जातं, मिठी मारून कुणाला लागत नाही. तो जरा वेळ गप्प. शेवटचं नख कापून झाल्यावर म्हणाला, "पप्पा, मी तिचे केस वढले होते. टीव्ही बंद केला तेव्हा. जोरात."

म्हणजे इतके दिवस हे चाललं होतं. खिशातले केस त्यासाठी. त्याला वाटत होतं, आपण ओढले म्हणून सैल झाले. मी त्याला तण काय, वेल काय सांगत बसलो, आणि त्याचा प्रश्नच वेगळा होता.

मी त्याला माझे केस ओढायला लावले. जोरात ओढ म्हटलं. एकही निघाला नाही, माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. मग त्याचे मी हळूच ओढले. ते पटलं त्याला.

वॉर्डातली ताई

किमोच्या डे-केअरमध्ये अकरा वर्षं काम करतेय. बागाईतदार, तुमचं दुसरं सांगणं अगदी बरोबर होतं. डोक्यावरच्या दहापैकी साधारण नऊ केसांची मुळं कुठल्याही वेळी वाढत असतात, म्हणून लाल औषधाचा फटका आधी तिथं बसतो. तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, तेही याच कारणानं.

चार ते सात वर्षांच्या मुलांचं म्हणाल, तर आधी त्यांनाच विचारावं, "तुला काय वाटतं, कशामुळं झालं असेल?" या वयात जगात जे घडतं ते आपल्यामुळं, असं त्यांना खरोखर वाटतं. मी चिडलो, मी दूध सांडलं, मी 'तू मला नको' म्हणालो. हे उत्तर बाहेर आल्याशिवाय आपलं सांगणं आत शिरत नाही.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. केस जायच्या आधी दोन-तीन दिवस टाळू हुळहुळते, कुणीतरी घट्ट वेणी घालून ठेवल्यासारखी. मूल लाडानं डोक्यावरून हात फिरवतं, आई चटकन डोकं मागं घेते. मुलाला वाटतं, आई रागावली. हे आधीच सांगून ठेवा. केस जायच्या आधी हातात दोन आठवडे असतात, ते वापरा.

सदाशिवपेठी काकू

माझ्या जाऊबाईंना झाला होता, आता ठणठणीत आहेत. त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की केस गळतायत म्हणजे औषध लागू पडतंय. आम्ही नातवाला तेच सांगितलं, जितके केस जातील तितका रोग जातो. रोज मोजायचा बिचारा, खूश व्हायचा. आणि डोक्याला कांद्याचा रस लावा, लवकर येतात.

वॉर्डातली ताई

काकू, राग मानू नका. लाल औषधात केस जवळजवळ सगळ्यांचेच जातात, गाठीवर परिणाम होवो न होवो. काही किमोंत केस फारसे जातच नाहीत, तरी त्या काम करतात. मुलाला हा हिशोब शिकवला तर पुढं केस परत यायला लागले की ते घाबरतं, रोग परत आला म्हणून. कांद्याचा रस तर हुळहुळत्या टाळूवर नकोच, आग होते.

सदाशिवपेठी काकू

केस परत आले तेव्हा नातू रडला होता खरा. आम्हाला वाटलं, आनंदानं.

रेशमी कुंतल

माझेही खूप गळतायत. मार्चमध्ये डेंगी झाला, मे महिन्यापासून मूठमूठ जातात. मुलगी विचारते, आई टक्कल पडणार का? कुणी शॅम्पू सुचवेल का?

धागाकर्ती

ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी असं होतं म्हणतात, पण तो वेगळा विषय. स्वतंत्र धागा काढाल का? लेकीला मात्र उत्तर द्या, तिनं विचारलंय.

तेव्हाची मी

मी धाग्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी सहा वर्षांची होते, साल १९९४. आई एक दिवस डोक्यावर पदर घट्ट लपेटून आली. आम्ही नगर जिल्ह्यातले, आई एरवी पदर घेत नसे. बाबा म्हणाले, आईनं तिरुपतीला केस दिले. मी सगळ्या वर्गाला सांगितलं. बाईंनी विचारलं, लाडूचा प्रसाद नाही आणलास? मी घरी येऊन लाडू मागितला. बाबा बाजारातून बुंदीचा घेऊन आले आणि मी तो शाळेत वाटला.

आजी तर आईला सोप्यातही बसू देत नव्हती. सवाष्णीचं बोडकं डोकं कुणी बघू नये म्हणून. मला वाटायचं, देवाला केस दिले तर मग लपवायचं कशाला?

आई त्यातून बरी झाली. खरं काय ते मला बाराव्या वर्षी मावशीनं सांगितलं. बाबांवर राग नाही, त्यांच्या तोंडून 'कॅन्सर' हा शब्द निघतच नव्हता. पण पुढं कित्येक वर्षं बाबा 'काही नाही, सगळं ठीक आहे' म्हणाले की माझ्या पोटात गोळा यायचा.

लेकीचा बाबा

आम्ही नेमकं उलट केलं. न्हाव्याकडं जाण्याऐवजी घरीच बायकोचे केस कापले आणि लेकीच्या हातात कात्री दिली. तिचं जावळ काढल्याचा फोटो दाखवला. म्हटलं, तुझेही गेले होते, आले ना? तिला मजा आली. खूप ठिकाणी वाचलं होतं की मुलांना सामील करून घ्या.

पण रात्री ती म्हणाली, "मी कापले म्हणून आईला थंडी वाजतेय." बायकोला त्या दिवशी खरंच थंडी वाजत होती. आता वाटतं, कात्री द्यायला नको होती. बायकोला मात्र अजून वाटतं, तो तिच्या आजारपणातला सगळ्यात चांगला दिवस होता. आमचं यावर एकमत नाही.

शिवाय लेकीला सर्दी झाली की तिला मामाकडं पाठवायचो. तिनं अर्थ काढला, आईचं मला लागेल म्हणून पाठवतात. उलटं आहे, तुझी सर्दी आईला लागेल, हे सांगायला आम्हाला दोन महिने लागले.

वॉर्डातली ताई

कात्रीबद्दल मलाही ठाम सांगता येणार नाही. काही मुलं हसत कापतात, काही आयुष्यभर लक्षात ठेवतात. मी आधी आईला विचारते, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर चालेल का? नाही म्हणाली, तर कात्री मोठ्यांनीच धरावी.

सर्दीचं बरोबर आहे. डोस दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेवढे दिवस शिंकणाऱ्या माणसानं लांब राहायचं, मग तो बाबा का असेना. "घरातला जो शिंकेल तो बाहेरच्या खोलीत" असा सगळ्यांना एकच नियम केला की मुलाला आपल्यालाच हाकललं असं वाटत नाही. मिठी चालते, एका ताटात जेवण नको. पहिले दोन दिवस आईच्या उलटीची बादली मुलानं उचलायची नाही, मोठ्यांनीही हातमोजे घालावेत.

बागाईतदार

सगळ्यांचं वाचलं. चार लाल डोस संपले, आता दुसरं औषध आठवड्याला एक, असे बारा. पोरगं आता आज्जीलाही रागावतं, टोपी घाल म्हणू नको आईला, घरात उकडतंय.

मधे शाळेतून बाईंचा फोन आला होता, "तुमच्या बागेचं नुकसान झालंय का?" यानं वर्गात सांगितलं होतं, आमच्याकडं टू-फोर-डी पडलंय. म्हणजे ते पहिलं सांगणं अजून आत कुठंतरी आहेच. ते कसं काढायचं मला कळत नाही.

आणि आता हिच्या भुवया विरळ व्हायला लागल्यात. केस गेले तेव्हा भुवया होत्या, म्हणून मी त्याला म्हटलं होतं, बघ, भुवया हळू वाढतात, त्यांना काही होत नाही.

वॉर्डातली ताई

दुसऱ्या औषधात बऱ्याच जणींच्या जातात, उशिरा जातात. तुम्ही खोटं नव्हता बोललात, अर्धं बोललात. तसंच सांगा त्याला.

बागाईतदार

त्यानं अजून विचारलं नाही. काल जेवताना भाकरी हातात धरून तिच्याकडं नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होता. आज नखं कापायची आहेत त्याची, तेव्हा मीच विचारतो.