डॉली मेंढीने नेमकं काय सिद्ध केलं?

नारायणपेठी

मुलीचा बारावीचा जीवशास्त्राचा अभ्यास घेताना काल घरात वाद झाला. मी म्हणालो, डॉली ही क्लोन मेंढी कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून जन्मली, म्हणजे पेशी कितीही खास कामाची झाली तरी तिच्या केंद्रकातलं काहीही हरवत नाही. बायको बँकेत आहे, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "277 प्रयत्नांत एक कोकरू? याला पुरावा नाही, मटका लागणं म्हणतात." माझं मत असं की एक जरी कोकरू जन्मलं तरी मुद्दा सिद्ध. तुम्हाला काय वाटतं?

वारजेकर अण्णा

वहिनींच्या बाजूने मत. शिवाय एक हिशेब माझाही घ्या. केंद्रक घेतलं सहा वर्षांच्या मेंढीचं. डॉली सहा वर्षांची होऊन गेली. मेंढी जगते साधारण बारा वर्षं. सहा अधिक सहा बारा! केंद्रकाला आपलं वय पाठ होतं. गुणसूत्रांची टोकं वयाबरोबर झिजतात, आणि तिची टोकं आखूड निघाल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. शाबूत वगैरे काही नसतं.

भिंगवाली

अण्णा, टोकं आखूड होती हे खरं, पण ती म्हातारपणाने गेली नाही. मेंढ्यांच्या फुप्फुसात गाठी करणारा एक विषाणू असतो, तो तिला लागला होता. त्रास वाढल्यावर फेब्रुवारी 2003 मध्ये तिला औषध देऊन शांत केलं. त्याच कासेच्या साठवलेल्या पेशींपासून पुढे आणखी चार मेंढ्या झाल्या. 2016 मध्ये त्यांची तपासणी झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आसपास होत्या आणि वयाच्या मानाने ठणठणीत. तुमची बेरीज सुबक आहे, पण ती या चौघींना लागू पडत नाही.

आता 277. मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा आकडा कशाचा हे मला महत्त्वाचं वाटतं. कासेच्या पेशी ताटलीत वाढवल्या आणि मग पाच दिवस त्यांचा खुराक तोडला. सीरम 10 टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, म्हणजे त्या विभाजन थांबवून गप्प बसल्या. दुसरीकडे काळ्या तोंडाच्या मेंढीची अंडपेशी घेऊन तिची स्वतःची गुणसूत्रं बारीक काचेच्या नळीने ओढून काढली. मग तिच्या कवचाखाली कासेची एक पेशी सरकवली आणि विजेच्या झटक्याने दोघी एक केल्या. अशा जुळलेल्या जोड्या 277. त्यातल्या 29 गर्भ म्हणाव्यात इतक्या वाढल्या, त्या 13 मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवल्या आणि जुलै 1996 मध्ये एक कोकरू जन्मलं. त्याचं तोंड पांढरं. जिची अंडपेशी आणि जिचं गर्भाशय, त्या दोघीही काळ्या तोंडाच्या. गोठ्यातल्या माणसालाही कळावं की केंद्रक कुणाचं चाललं.

उरलेल्या 276 का गेल्या? नळीने झालेली इजा, चुकलेली वेळ, आणि मुख्य म्हणजे गुंडाळी. पेशी आपल्या कामाला न लागणारी जनुकं घट्ट गुंडाळून बंद ठेवते. शुक्रपेशीचं बांधलेलं गाठोडं सोडवणं हे अंडपेशीचं रोजचं काम आहे, पण कासेच्या पेशीची ही गुंडाळी तिला सरावाची नाही, आणि तीही काही तासांत उलगडायची असते. अपयशावरून एवढंच कळतं की गाठ सुटली नाही. आत पान फाटलेलं होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

नारायणपेठी

म्हणजे मी जिंकलो. बायकोला वाचून दाखवतो.

भिंगवाली

थांबा, घाई नको. ते एक कोकरू ज्या केंद्रकापासून आलं, ती पेशी नेमकी कोणती होती? ताटलीत कासेच्या सगळ्या पेशींची मिसळ होती. दूध बनवणाऱ्या, नुसत्या आधाराच्या आणि थोड्या अशाही, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. 277 मध्ये एकच यश, तर ते नेमकं अशा न ठरलेल्या पेशीचंच कशावरून नसेल? त्यात ती मेंढी गाभण होती, म्हणून पोटातल्या गर्भाची भटकी पेशी आली असेल अशीही शंका निघाली. ही दुसरी शंका 1998 मध्ये डीएनए ताडून मिटली. डॉलीचा डीएनए त्या मेंढीच्याच साठवलेल्या पेशींशी जुळला. पहिली मात्र मिटली नाही. पेशीवर तिच्या कामाचा शिक्काच नव्हता, मग मिटणार कशी?

वहिनींनी मटका म्हटलं ते चेष्टेत असेल, पण नेमका हाच आक्षेप 1962 मध्ये जीवशास्त्रज्ञ गर्डन यांच्या बेडकांवरही होता. टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशींची 726 केंद्रकं घातली, त्यातून नीट खाणारे टॅडपोल झाले 10.

नारायणपेठी

आता वाचून दाखवत नाही.

मांजरवेडी

मधेच विचारते, राग नको. माझी रंगी दिवाळीत गेली. तिरंगी होती, पांढरी, काळी आणि केशरी, डाव्या डोळ्यावर केशरी ठिपका. परदेशात मांजरांचे क्लोन करून देतात म्हणे. केंद्रक शाबूत असेल तर अगदी तीच परत येईल ना? पैशाचं बघून घेईन.

शंकेखोर

पैसे वाचवा. 2001 च्या डिसेंबरात टेक्ससमध्ये हेच झालं होतं. रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन केला. पिल्लू गोड झालं, त्याचं नाव सीसी. पण अंगावर केशरी रंगाचा मागमूस नाही, नुसते करडे पट्टे आणि पांढरं.

कारण असं. मांजरीला एक्स गुणसूत्रं दोन. एकावर केशरी रंगाचं जनुक, दुसऱ्यावर ते नाही. गर्भ लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स कायमचं बंद करते, कोणतं ते नशिबावर, म्हणून अंगावर ठिगळं दिसतात. क्लोन मात्र एकाच पेशीच्या केंद्रकापासून होतो. त्या पेशीत केशरीवालं एक्स बंद होतं आणि ते बंदच राहिलं. पांढरे ठिपके कुठे पडतील, तेही गर्भातल्या रंगपेशी कुठवर पोचतात त्यावर असतं. डोळ्यावरचा ठिपका कुणी परत आणू शकत नाही.

आणि नारायणपेठी, यात तुमच्यासाठीही काही आहे. डीएनए सगळा होता, तरी पेशीने घेतलेला एक निर्णय अंडपेशीला पुसता आला नाही.

मांजरवेडी

हं. मग नकोच.

वारजेकर अण्णा

म्हणजे केंद्रकाला आठवण असते! मी हेच म्हणत होतो.

शंकेखोर

आठवण असते, पण वयाची नव्हे, कामाची. मी पाषाणला पीएचडी करतोय, विषय जवळचा आहे. गर्डन यांच्याच प्रयोगशाळेत बेडकाच्या स्नायूपेशींची केंद्रकं अंडपेशीत घातली. गर्भ झाले, पण बऱ्याच गर्भांमध्ये स्नायूचं एक मुख्य जनुक नको तिथे, म्हणजे चेतासंस्था बनणाऱ्या भागातही चालू राहिलं. मधे दोन डझन विभाजनं होऊन गेली होती तरी. म्हणून "सगळं शाबूत" हे वाक्य मला खटकतं. मजकूर शाबूत असेल, पण पुस्तकात घातलेल्या खुणाही सोबत येतात.

भिंगवाली

खुणांबद्दल वाद नाही. पण मजकूरही नेहमी शाबूत नसतो, आणि या धाग्यात खरी गंमत तिथेच आहे.

रक्तातल्या बी पेशी घ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या. ही पेशी तयार होताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे निवडून जोडते आणि मधला डीएनए कापून टाकते. म्हणून प्रत्येक बी पेशीची जोडणी वेगळी. हा झाला शिक्का. 2002 मध्ये हॉखेडलिंगर आणि येनिश यांनी उंदराच्या अशाच पक्व पेशींची केंद्रकं अंडपेशीत घातली. जन्मलेल्या उंदराच्या प्रत्येक ऊतीत, कातडीत काय नि यकृतात काय, तीच एक कापाजोड सापडली. म्हणजे केंद्रक पूर्ण बी झालेल्या पेशीचंच होतं, न ठरलेल्या पेशीचं नव्हे. डॉलीवरचा आक्षेप निदान उंदरात मिटला.

पण त्याच उंदराने नारायणपेठींचं वाक्यही मोडलं. कापून टाकलेला डीएनए परत आला नाही. अंडपेशी गुंडाळी उलगडते, फाडलेलं पान नव्याने लिहीत नाही. त्या उंदराच्या बी पेशींकडे निवडायला तुकडेच उरले नव्हते, त्या सगळ्या तेच एक प्रतिपिंड बनवत होत्या.

नारायणपेठी

म्हणजे माझं मत उंदराने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पण बी पेशी अपवाद ना? बाकीच्या पेशी काही कापत नाहीत.

भिंगवाली

बऱ्याचशा नाहीत. नाकातल्या वासाच्या चेतापेशींबद्दल शंका होती. एक पेशी हजारभर जनुकांतून वास ओळखणारं एकच चालू ठेवते, तर तीही डीएनए कापत असेल का? 2004 मध्ये त्यांच्या केंद्रकांपासून उंदीर झाले, आणि त्यांच्या नाकांत नेहमीसारखी सगळी विविधता होती. तिथे निवड नुसती चालू-बंदची निघाली.

शंकेखोर

ताई, एक गोष्ट तुम्ही हळूच गाळलीत. बी पेशीचा उंदीर सरळ जन्मला नाही. केंद्रकापासून आधी काही दिवसांचा गर्भ, त्यातून मूळपेशी, आणि त्या मूळपेशी दुसऱ्या एका गर्भात घातल्या. तो गर्भ मुद्दाम गुणसूत्रांच्या दोनऐवजी चार संचांचा केलेला, ज्यापासून वार होते पण शरीर होत नाही. म्हणजे शरीर बी पेशीचं, वार उसनी. क्लोनच्या वारेतच सगळ्यात जास्त घोटाळे होतात, उंदरात ती दुप्पट-तिप्पट फुगते. ज्या अवयवात केंद्रकाची परीक्षा अवघड, तोच पेपर दुसऱ्याने सोडवला. मग "सगळं करू शकतं" कसं म्हणायचं?

भिंगवाली

मान्य, ते सांगायला हवं होतं. शरीरापुरतं सिद्ध झालं, वारेसकट नाही. पण 2005 मध्ये जपानी गटाने एनकेटी नावाच्या रोगप्रतिकारक पेशींची केंद्रकं घेऊन, मधली पायरी न ठेवता उंदीर जन्माला घातले. त्या पेशींच्या जनुकातही कापाजोड असते, म्हणजे शिक्का आहे, आणि वारही त्याच केंद्रकाची.

शंकेखोर

वाचलंय. पण मग एनकेटी पेशीला जमतं ते बी पेशीला का जड जातं? दोघी रक्तातल्याच, दोघींनी डीएनए कापलेला. गुंडाळी वेगळी असेल म्हणाल, तर कुठली गुंडाळी ते दाखवा. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरची एक खूण पुसली तर क्लोनची संख्या कैक पटीने वाढते, हे 2014 मध्ये उंदरात दिसलं. तरीही बहुतेक गर्भ मरतातच. उरलेलं कुलूप कुठलं?

भिंगवाली

बी पेशीबद्दल माझा अंदाज आहे, पण पुराव्याशिवाय इथे लिहिणार नाही. तुम्ही वारेवरच काम करत असाल तर रविवारी चतुःशृंगीच्या बाजूला चहाला भेटू, चित्रं घेऊन या.

वारजेकर अण्णा

चहाला मीही येतो. टोकांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

नारायणपेठी

बायकोने मागून सगळा धागा वाचला. म्हणाली, "277 त्यांनी मोजले ते बरं केलं. पण त्या ताटलीत न ठरलेल्या पेशी किती होत्या, हे कुणी मोजलं होतं का?" मी तिला म्हटलं, तूच विचार.